फोटोवर लिपस्टिक आणि आयशॅडोची शेड बघताना ओठ आणि पापण्या रंगवलेल्या का दिसतात, आणि तसं होऊ नये म्हणून काय करावं

लग्नाच्या ट्रायलला नवरीला सहा-सात लिपस्टिक लावून बघायच्या असतात. तीन शेड लावून पुसेपर्यंत ओठ चोळून लाल होतात आणि चौथी शेड तिच्यावर खरी कशी दिसेल ते कोणालाच धड सांगता येत नाही. म्हणून आधी तिच्या साध्या फोटोवर शेड बघून घ्यायच्या, यादी दोन-तीनवर आणायची आणि तेवढ्याच ट्रायलला उघडायच्या, हा मार्ग सोयीचा आहे. अडचण एवढीच की फोटोत रंग भरला की ओठ सपाट दिसतात, पापणीवर डाग पडल्यासारखा वाटतो आणि नवरीची आई पहिल्या नजरेत म्हणते, "हे काही खरं वाटत नाही."

फोनवरची ट्राय-ऑन अ‍ॅप्स घटकाभर मजा म्हणून ठीक आहेत. पण त्यातली बरीचशी रंगासोबत त्वचाही गुळगुळीत करतात, आणि शेडचा आकडा आधीच ठरवलेला असतो, तुमच्या फोटोतल्या उजेडाशी त्याचा संबंध नसतो. खाली दिलेली रीत थोडी वेळखाऊ आहे, पण तिच्यात शेड मोजून बसवता येते. त्यासाठी फोटोशॉप चालेल, किंवा ब्राउझरमध्ये photopea.com उघडा. ते फुकट आहे, मेन्यूची नावं जवळपास तीच आहेत, आणि फोटो कुठल्या सर्व्हरवर न जाता तुमच्याच संगणकावर राहतो. दुसऱ्याच्या लेकीचा बिनमेकअपचा फोटो हाताळताना ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फोनवर हे काम करू नका. बोटाने ओठाची कड नीट पकडता येत नाही.

रंगवलेलं का दिसतं

ओठांवरून डोळ्यांपर्यंत येणारा उजेड दोन प्रकारचा असतो. एक उजेड लिपस्टिकच्या रंगातून गाळून येतो, तो मरून किंवा गुलाबी दिसतो. दुसरा वरच्या वरच परततो. खालच्या ओठावर जी पांढरी चमक दिसते ती हा दुसरा उजेड. तिचा रंग लिपस्टिकचा नसतो, खिडकीचा किंवा दिव्याचा असतो. लिपस्टिक कितीही गडद असली तरी ही चमक जवळजवळ पांढरीच राहते.

फोटोवर साध्या Normal लेअरने रंग भरला की चमक, सुरकुत्या, सावली असं सगळंच त्याच्याखाली झाकलं जातं. म्हणून बहुतेक जण Multiply वापरतात. त्यात सावल्या टिकतात, पण दोन गोष्टी बिघडतात. फोटोतला प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे 0 ते 255 मधले तीन आकडे. Multiply खालचा आकडा आणि वरचा आकडा गुणून 255 ने भागतो. समजा ओठाचा हिरवा आकडा 98 आहे आणि मरून शेडचा 41. उत्तर येतं:

```
98 × 41 ÷ 255 = 16
```

हवे होते 41, मिळाले 16. ओठाचा स्वतःचा रंग आणि लिपस्टिकचा रंग असे दोन्ही मोजले गेले, म्हणून शेड काळपट झाली. दुसरं म्हणजे चमकेचा आकडा 225 असेल तर तोही 36 वर येतो, म्हणजे पांढरी चमक मरून होते. डोळ्याला नेमकं हेच खटकतं. मग लोक Opacity 50 टक्क्यांवर आणतात, शेड फिकी पडते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे रंग भरायचाच नाही. ओठाचा मूळ आकडा उचलून शेडच्या आकड्यावर नेऊन ठेवायचा, आणि 0 व 255 ही दोन टोकं जागच्या जागी ठेवायची. हे काम Curves लेअर करतो. काळं काळंच राहतं, पांढरी चमक जवळपास पांढरीच राहते आणि मधला रंग तेवढा बदलतो. ओठांवरच्या रेघाही जातात कुठे? त्या तिथेच असतात.

फोटो कसा हवा

पुढचं सगळं मोजमापावर चालतं, त्यामुळे फोटोत खोट चालत नाही. खिडकीसमोर, थेट ऊन न येणाऱ्या जागी मुलीला बसवा. घरातले दिवे बंद करा. खिडकीचा निळसर उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की एका गालाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही. फोनमधला ब्यूटी मोड, फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड तिन्ही बंद हवेत. ओठ कोरडे, फाटलेले असतील तर आधी साधा लिप बाम लावून टिपून घ्या.

गालाशेजारी एक पांढरा कागद धरायला सांगा, साधा झेरॉक्सचा कागद चालतो. तो चेहऱ्यासारखाच कॅमेऱ्याकडे तोंड करून असावा. त्याचा उपयोग पुढे येतो. एक फोटो डोळे उघडे ठेवून आणि एक डोळे मिटून घ्या, आयशॅडोला दोन्ही लागतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तो दाबला जातो, आणि त्या दाबण्यात उजेडापेक्षा रंगाचा तपशील जास्त जातो. ओठाच्या कडेला रंग पसरट होतो आणि मग कितीही काळजीने कड काढली तरी ती पुसट दिसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

शेडचा खरा आकडा

कंपनीच्या वेबसाइटवर दिसणारा रंगाचा चौकोन घेऊ नका. तो कुठल्या उजेडात टिपला, नंतर किती उजळवला, ते आपल्याला कळायला मार्ग नाही. लिपस्टिक हातात असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला जाडसर स्वॉच काढा. खालची त्वचा दिसता कामा नये, नाहीतर मनगटाचा रंग मिसळून आकडा चुकतो. त्याच खिडकीत, त्याच फोनने, कागद शेजारी धरून त्याचा फोटो घ्या.

आता आयड्रॉपर घ्या आणि वरच्या पट्टीत Sample Size मध्ये 11 by 11 Average निवडा. एकाच ठिपक्याचा आकडा घेतला तर दर क्लिकला वेगळा येतो. स्वॉचवर चमक नसलेल्या जागी क्लिक करा. आपल्या उदाहरणात मरून स्वॉचचे आकडे आले लाल 150, हिरवा 44, निळा 58. स्वॉचशेजारच्या कागदाचे आकडे 228, 224, 219. आणि चेहऱ्याशेजारच्या कागदाचे 214, 210, 205.

दोन कागदांत फरक आहे, म्हणजे मनगटावर उजेड थोडा जास्त होता. 214 भागिले 228 म्हणजे साधारण 0.94, बाकी दोन रंगांतही तेवढंच येतं. स्वॉचच्या तिन्ही आकड्यांना 0.94 ने गुणा: 141, 41, 55. हा झाला या मुलीच्या चेहऱ्यावरच्या उजेडातला त्या शेडचा आकडा. दोन कागदांमधलं प्रमाण तिन्ही रंगांत सारखं न येता, समजा निळ्यात बरंच वेगळं आलं, तर दोन फोटोंतल्या उजेडाचा रंगच निराळा आहे. तेव्हा प्रत्येक रंगाला त्याच्या त्याच्या प्रमाणाने गुणा. फरक खूपच मोठा असेल तर फोटो पुन्हा घेणं बरं.

ओठांची कड

आकडे लावण्याआधी जागा ठरवायची. 200 टक्के झूम करा, लॅसो किंवा पेन टूलने ओठाची बाहेरची कड आखा. खऱ्या ओठाचा रंग त्वचेत एकदम संपत नाही, थोड्या अंतरात विरतो. म्हणून रेघ कडेच्या किंचित आतून घ्या आणि मग Select मधून Feather द्या, त्याने निवडीची कड मऊ होते. फोटोत ओठ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 600 पिक्सेल रुंद असतील तर 2 पिक्सेल पुरतात. ओठ 1200 पिक्सेल असतील तर 4.

Feather जास्त झाला की ओठाभोवती रंगाची झाक पसरते आणि पान खाऊन तोंड न पुसल्यासारखं दिसतं. कमी झाला की कात्रीने कापल्यासारखी तीक्ष्ण रेघ दिसते. दोन्ही दोष झूम करून नव्हे, फोटो पूर्ण दिसत असताना लगेच कळतात.

दोन्ही ओठांमधली आतली कड मात्र वेगळी असते. तिथे लिपस्टिक आत जाता जाता फिकी होते, ओलसर भागावर टिकतच नाही. हसरा फोटो असेल तर दातही आत येतात. त्यामुळे नंतर मास्कवर, म्हणजे रंग कुठे दिसावा हे ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या थरावर, मऊ काळ्या ब्रशने आतली कड हळूहळू पुसावी लागते. दाताच्या कडेला किंचितही गुलाबी झाक राहिली तर बघणाऱ्याचं लक्ष थेट तिकडेच जातं, शेडकडे कोणी बघत नाही.

आकडे बसवणं

खालच्या ओठाच्या मधल्या, चमक नसलेल्या आणि सावलीतही नसलेल्या भागाचा आकडा घ्या. आपल्या उदाहरणात तो 158, 98, 92 आला. आता निवड चालू असतानाच Layer > New Adjustment Layer > Curves घ्या. निवडीचा मास्क आपोआप त्या लेअरला लागतो.

Curves मध्ये वर RGB लिहिलेलं असतं, तिथून आधी लाल रंग निवडा. रेघेवर एक बिंदू घ्या आणि त्याला मूळ आकड्यावरून नव्या आकड्यावर न्या, म्हणजे Input 158, Output 141. मग दुसरा बिंदू घ्या, दोन्ही आकड्यांच्या निम्म्यावर: Input 79, Output 70. हिरव्यात 98 वरून 41, आणि 49 वरून 20. निळ्यात 92 वरून 55, आणि 46 वरून 27.

निम्म्याचा दुसरा बिंदू बरेच जण वगळतात, आणि गडद शेडला तिथेच घोटाळा होतो. सावली म्हणजे उजेड ठरावीक पटीने कमी होणं. ओठाचा एखादा भाग निम्म्या उजेडात असेल तर त्यावरची लिपस्टिकही त्याच पटीत गडद दिसायला हवी. एकच बिंदू ठेवला तर रेघ खाली झोळ खाते आणि सावलीतले भाग गरजेपेक्षा काळे होतात. बिंदू फार खाली ओढला असेल तर, उदाहरणार्थ 150 वरून थेट 20, रेघ शून्याच्याही खाली जाऊ पाहते आणि ओठाच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटतात. निम्म्याच्या बिंदूने खालचा भाग सरळ राहतो आणि सावली नैसर्गिक पडते.

तिन्ही रंग झाले की चमकेकडे बघा. हिरव्यात 225 चा आकडा 200 च्या आसपास उतरतो. Multiply मध्ये तोच 36 वर गेला होता. चमक किंचित रंगली, पण चमकच राहिली. आता Info पॅनेलमध्ये खालच्या ओठाचा आकडा बघा, 141, 41, 55 च्या दोन-तीन घरं इकडेतिकडे असला की झालं.

लिपस्टिक पूर्ण झाकणारी असेल तर लेअर 90 ते 100 टक्क्यांवर ठेवा. टिंट किंवा पातळ लिपस्टिकला 50-60 पुरतो. मॅटसाठी मात्र वेगळा उपाय लागतो. तिची खूण शेडमध्ये नसून चमकेत असते, ती चमक कमी करते. त्यासाठी RGB मध्ये उजवीकडचं वरचं टोक 255 वरून 220 पर्यंत खाली आणा. मधला रंगही त्याने साधारण 14 टक्क्यांनी खाली येतो, म्हणून नंतर Info मध्ये आकडा बघत तिन्ही रंगांतले बिंदू शेडचा आकडा पुन्हा जुळेपर्यंत वर घ्या, निम्म्याचे बिंदूही त्याच पटीत.

ग्लॉसच्या बाबतीत उलट अडचण आहे. मूळ फोटोत चमक नसेल तर ती फोटोवर खोटी काढता येत नाही, काढली तर दिसते. नवरीला ग्लॉसी शेड बघायची असेल तर फोटो काढतानाच पारदर्शक लिप ग्लॉस लावा, म्हणजे चमक खरी येते आणि आपल्याला फक्त रंग बदलावा लागतो.

दोन रंगांचे ओठ

आपल्याकडे खूप जणींचा वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो. काही वेळा ती नुसती सावली असते, कारण उजेड वरून येतो आणि वरचा ओठ खाली झुकलेला असतो. काही वेळा वरचा ओठ खरोखरच जास्त काळसर असतो. दोन्हीचा इलाज वेगळा. लिपस्टिक सावली झाकत नाही, पण ओठाचा काळसरपणा झाकते.

ओळखायचं कसं? वरच्या ओठाचा आकडा घ्या आणि तीनही रंगांत खालच्या ओठाशी भागा. समजा वरचा ओठ 121, 72, 70 आला. खालच्याशी प्रमाण 0.77, 0.73, 0.76. तिन्ही जवळपास सारखे, म्हणजे बहुतेक सावलीच. काही करू नका, एकच Curves दोन्ही ओठांना पुरतो. पण वरचा ओठ 112, 76, 78 आला असता तर प्रमाण 0.71, 0.78, 0.85 झालं असतं. लाल जास्त पडला आणि निळा कमी, म्हणजे ओठाचा स्वतःचा रंग वेगळा आहे. अशा वेळी वरच्या ओठाला वेगळा Curves लेअर द्या. नवा आकडा शेडच्या 0.8 पट धरून सुरुवात करा: 112 वरून 113, 76 वरून 33, 78 वरून 44, आणि सोबत निम्म्याचे बिंदू. मग डोळ्याने बघून थोडं वरखाली करा. दोन मास्क जिथे मिळतात, म्हणजे तोंडाच्या कोपऱ्यात, तिथे रंग दोनदा चढणार नाही याकडे लक्ष असू द्या.

न्यूड शेड

गहूवर्णी किंवा सावळ्या मुलीला न्यूड शेड बघायची असते तेव्हा Multiply अगदीच हात टेकतो. समजा न्यूडचा आकडा 178, 122, 106 आहे आणि ओठ 158, 98, 92. शेड ओठापेक्षा उजळ आहे, आणि Multiply फक्त गडद करू शकतो. म्हणूनच न्यूडच्या प्रिव्ह्यूत पांढरट रंगाचा सपाट थर जास्त दिसतो, कारण लोक शेवटी कंटाळून Normal वर येतात.

Curves मध्ये बिंदू वर न्यायचा, एवढंच: 158 वरून 178, 98 वरून 122, 92 वरून 106, आणि त्यांची निम्मी जोडी. पण इथे एक मर्यादा आहे. आकडा उचलला की फोटोतले कणही उचलले जातात, विशेषतः निळ्या रंगात. फोटो कमी उजेडात घेतला असेल तर ओठांवर ठिपके ठिपके दिसायला लागतात. तसं दिसलं तर त्यावर ब्लर मारू नका, फोटो पुन्हा उजेडात घ्या. ब्लरने ठिपके जातात आणि ओठाच्या रेघाही जातात, मग पुन्हा तोच मेणासारखा सपाटपणा.

आणखी एक. प्रिव्ह्यूमध्ये न्यूड पूर्ण झाकलेला दिसतो, पण प्रत्यक्षात ओठाचा काळसरपणा खालून डोकावतो आणि शेड राखाडी वाटते. त्यामुळे न्यूडचा लेअर 80-85 टक्क्यांवर ठेवलेला बरा. त्यावर नवरी म्हणाली की जरा मळकट वाटतंय, तर खऱ्या ट्रायललाही तेच वाटेल असं समजा, आणि आधी ओठांना करेक्टर लावावा लागेल हे तिला आत्ताच सांगा.

आयशॅडो

आकड्यांची रीत तीच, पण मास्क पूर्ण वेगळा. लिपस्टिकला कड असते. आयशॅडोला एकाच बाजूला कड असते, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी. बाकी सगळीकडे रंग विरत जातो.

आधी डोळे मिटलेल्या फोटोवर काम करा. पापणीच्या मधल्या भागाचा आकडा घ्या, समजा 132, 90, 74. मॅट जांभळ्या शेडचा स्वॉच, उजेडाचं प्रमाण लावून, 92, 58, 82 आला. Curves लेअर घ्या: लाल 132 वरून 92, हिरवा 90 वरून 58, निळा 74 वरून 82, सोबत निम्म्याची जोडी. या वेळी निवड न करता लेअर घ्या, म्हणजे सगळा चेहराच जांभळा होईल. मग मास्कवर क्लिक करून Ctrl+I दाबा. मास्क काळा होतो आणि रंग नाहीसा होतो.

आता पांढरा ब्रश, Hardness 0%, Opacity 100%, Flow 8%. ब्रशची रुंदी पापणीच्या उंचीच्या निम्मी. मेकअप लावताना जसा हात फिरतो तसाच फिरवा: केसांच्या मुळाशी सुरुवात, बाहेरच्या कोपऱ्यात जास्त, घडीपर्यंत नेऊन थोडं वर विरवायचं, भुवईखालचं हाड मोकळं सोडायचं. Flow कमी ठेवल्यामुळे रंग थरांनी चढतो. एका झटक्यात 40 टक्के चढवला की ब्रशच्या गोल खुणा पडतात.

पापण्यांच्या केसांवरून ब्रश गेला तरी चिंता नको, केस काळे असतात आणि काळ्या आकड्यांना Curves फारसा हात लावत नाही. उघड्या डोळ्यांच्या फोटोत मात्र डोळ्याचा पांढरा भाग, खालची ओलसर कड आणि बुबुळातली चमक या तीन जागा जपाव्या लागतात. लॅसोने डोळ्याचं उघडं क्षेत्र निवडा, 1 पिक्सेल Feather द्या आणि मास्कवर काळं भरा. पांढऱ्या भागाला जांभळी झाक लागली की डोळा आजारी दिसतो. ज्यांची पापणी उघड्या डोळ्यांत दिसतच नाही, वरच्या घडीखाली जाते, त्यांना उघड्या फोटोत शेड फक्त बाहेरच्या कोपऱ्यात आणि घडीच्या वर किंचित दिसेल. तेवढीच दाखवा. मिटलेल्या डोळ्याचा फोटो बघून शेड आवडली आणि लग्नाच्या फोटोत कुठे दिसलीच नाही, अशी तक्रार त्यामुळेच येते.

सावळ्या पापणीवर पेस्टल निळा किंवा मिंट बघायचा असेल तर बेस लावलेला आहे की नाही ते आधी ठरवा. बेसशिवाय पावडर खालच्या रंगात मिसळून राखाडी होते, तेव्हा मास्क 40-50 टक्क्यांच्या वर नेऊ नका. पांढरा बेस असेल तर 80 पर्यंत चालेल.

शिमर वेगळं प्रकरण आहे. त्यातले अभ्रकाचे कण उजेड परतवतात, म्हणजे सावलीत काही बदलत नाही आणि उजळ जागा आणखी उजळते. मॅट शेडच्या वर दुसरा Curves लेअर घ्या, RGB मध्ये पापणीच्या सावलीतल्या भागाचा आकडा आणि त्याचा निम्मा आकडा जागच्या जागी बसवा, आणि उजळ भागाच्या आकड्याचा बिंदू साधारण 1.2 पट वर न्या. सोनेरी हवा असेल तर निळ्या रंगात उजळ भागाच्या आकड्याचा बिंदू थोडा खाली आणा. मास्क काळा करून पापणीच्या मधोमध, बाहुलीच्या बरोबर वर, लहान ब्रशने थोडंसं उघडा. ग्लिटर मात्र फोटोवर करून दाखवू नका. त्याचे कण मान हलली की जागा बदलतात, ते स्थिर फोटोत कळत नाही.

पाठवण्याआधी

सर्वांत वर Black & White लेअर टाका. रंग निघून गेल्यावर ओठ आणि पापणी गोलसर दिसायला हवीत, सावल्या जागच्या जागी हव्यात. राखाडीत एखादा सपाट तुकडा दिसला तर तिथे मास्क किंवा आकडा चुकला आहे. मग तो लेअर बंद करून 100 टक्के झूमवर बघा. ओठांवरच्या उभ्या रेघा आणि पापणीवरचे बारीक कण शेजारच्या त्वचेइतकेच स्पष्ट हवेत. शेवटी फोटो अंगठ्याएवढा लहान करा. लहान फोटोत ओठ चेहऱ्यापासून सुटे, पुढे आल्यासारखे दिसले तर कड फार तीक्ष्ण आहे.

पण खरी कसोटी दुसरी आहे. मुलीकडे तिची रोजची एखादी लिपस्टिक असतेच. पहिली शेड तीच घ्या. तिचा स्वॉच, तिचा प्रिव्ह्यू, आणि मग तीच लिपस्टिक लावून त्याच खिडकीत काढलेला फोटो शेजारी ठेवा. प्रिव्ह्यू जास्त गडद आला तर लेअरची Opacity किती कमी केल्यावर जुळतो ते बघा. समजा 88 वर जुळला, तर त्याच पोताच्या बाकीच्या शेडही 88 वर ठेवा. मॅट आणि क्रीमची ही तपासणी वेगवेगळी करावी लागते.

हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत शेड कशी दिसेल हेही विचारलं जातं. मनगटावरचा स्वॉच घेऊन हॉलमध्ये जाता आलं तर तिथेच बघा. संपूर्ण फोटो पिवळा करून त्याचा अंदाज येतो, पण फोनचा कॅमेरा पिवळेपणा आपल्या मनाने कमी करतो, त्यामुळे किती पिवळा करायचा याला आधार राहत नाही.

फोटो sRGB मध्ये, PNG म्हणून साठवा. एका फाइलमध्ये तीनच चेहरे शेजारी शेजारी ठेवा, सोबत एक बिनरंगाचा मूळ फोटो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि बघणाऱ्यांना फोनमधला रात्रीचा पिवळा मोड आणि स्क्रीनचा Vivid मोड बंद करायला सांगा. नवरीच्या फोनवर मरून दिसणारी शेड तिच्या मावशीच्या फोनवर राणी रंगाची दिसते ती बहुतेक वेळा याच दोन सेटिंग्जमुळे.